एकशे एक टक्क्यांचा दोष कुणाचा?

टक्केवारीची बेरीज एकशे एक आली की आपल्याकडे दोनच निष्कर्ष निघतात. आकडे लावणाऱ्याला गणित येत नाही, नाहीतर त्याने मधल्यामध्ये काहीतरी घुसडले आहे. आमचे सिद्धेश्वर हे औंढा नागनाथ तालुक्यातले पूर्णा नदीवरच्या धरणाचे गाव. कालव्याच्या पाळ्या आणि धरणातल्या साठ्याचे आकडे इथे लहानपणापासून कानावर पडतात, त्यामुळे फलकावरचा आकडा वाचून कुणी पुढे जात नाही, जुळवून बघतो. ही सवय चांगलीच आहे. पण वरचे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात, आणि त्यावर सर्रास केले जाणारे उपाय तर त्याहून चुकीचे.

संशय अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करतो. आपल्याच हिंगोली जिल्ह्याची 2011 ची जनगणना घ्या. एकूण लोकसंख्या 11,77,345. त्यात पुरुष 6,06,294 आणि स्त्रिया 5,71,051. टक्केवारी काढली तर पुरुष 51.497 आणि स्त्रिया 48.503. थेट राउंड केले तर 51 आणि 49, बेरीज शंभर. आता समजा एकाने एक दशांश ठेवून 51.5 आणि 48.5 असे लिहून ठेवले, आणि दुसऱ्याने ते कागदावरून उचलून पुन्हा राउंड केले. अर्ध्याला वर न्यायचे या शाळेतल्या नियमाने 52 आणि 49 झाले. बेरीज एकशे एक! इथे मात्र चूक माणसाची आहे, एकदा राउंड केलेला आकडा पुन्हा राउंड करण्याची. एक्सेलमध्ये हे असे दिसते:

```
=ROUND(606294*100/1177345, 0)            → 51
=ROUND(ROUND(606294*100/1177345, 1), 0)  → 52
```

ही चूक ओळखणेही सोपे आहे. वृत्तालेखाच्या वर्तुळात दोनच फोडी असतील तर एकशे एक यायला दोन्हींचा अपूर्णांक नेमका अर्धा असावा लागतो, आणि 11,77,345 ला 8 ने भाग जात नसल्याने इथे तो नेमका अर्धा असूच शकत नाही. म्हणून दोन फोडींत एकशे एक दिसले की आधी विचारावे, मूळ संख्या कुठे आहेत?

तीन किंवा अधिक फोडी झाल्या की गोष्ट बदलते. तिथे कुणीही चूक न करता एकशे एक येते. 2004 च्या महाराष्ट्र विधानसभेचा निकाल घ्या. जागा 288. राष्ट्रवादी काँग्रेस 71, काँग्रेस 69, शिवसेना 62, भाजप 54 आणि बाकी सगळे मिळून 32. टक्क्यांत हे होतात अनुक्रमे 24.65, 23.96, 21.53, 18.75 आणि 11.11. प्रत्येक आकडा जवळच्या पूर्ण संख्येवर नेला की 25, 24, 22, 19, 11. करा बेरीज: एकशे एक.

यात एकही आकडा चुकलेला नाही. पाचांपैकी चार आकडे वर गेले आणि एकच खाली आला, एवढेच झाले. वर जाताना राष्ट्रवादीला 0.35, काँग्रेसला 0.04, शिवसेनेला 0.47 आणि भाजपला 0.25 जास्तीचे मिळाले, ‘इतर’चे 0.11 गेले. वजाबाकी केली की बरोबर एक उरतो. तोच हा जादाचा एक. 2019 च्या निकालात उलटे होते. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44, इतर 29. राउंड केल्यावर 36, 19, 19, 15, 10, म्हणजे नव्व्याण्णव. एकशे एकला घोटाळा म्हणणारे नव्व्याण्णवला काय म्हणणार? प्रत्येक फोडीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडू शकतो, म्हणून पाच फोडींची बेरीज 98 ते 102 च्या आतच राहते. त्याबाहेर गेली तर मात्र राउंडिंगवर ढकलू नका, मूळ बेरीज तपासा.

आता उपायांकडे येऊ. सगळ्यात लाडका उपाय म्हणजे मोठ्या फोडीतून एक काढून टाकायचा; मोठ्याला एक टक्का कमी झाला तर काय बिघडते, असा त्यामागचा विचार. 2004 च्या निकालाला तो लावून बघा. राष्ट्रवादीचे 25 चे 24 झाले, आणि काँग्रेसही 24 वरच आहे. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे पक्ष वर्तुळात बरोबरीला आले! 71 आणि 69 यांतला फरक त्या निवडणुकीत किती बोलला गेला हे ज्यांना आठवते, त्यांना हा उपाय दाखवून पाहावा. दुसरा उपाय ‘इतर’मधून कापण्याचा, कारण इतरांच्या वतीने भांडायला कुणी येत नाही. पण 11.11 आधीच 11 वर उतरलेले. त्याचे 10 केले की चूक 1.11 टक्क्यांची होते, म्हणजे बाकी कुठल्याही फोडीपेक्षा मोठी. ज्याला आधीच कमी मिळाले त्याच्याच ताटातून पुन्हा काढायचे, हा कुठला न्याय?

तिसरा उपाय सुशिक्षितांचा. म्हणे एक दशांश दाखवा, प्रश्न मिटला. मिटत नाही. तेच आकडे एका दशांशात 24.7, 24.0, 21.5, 18.8 आणि 11.1 होतात, आणि बेरीज येते 100.1. रोग गेला नाही, फक्त बारीक झाला. योगायोगाने दोन दशांशांवर बेरीज 100.00 येते, पण तिची हमी नाही. शिवाय 288 जागांच्या वर्तुळावर 21.53 लिहिले की वाचणाऱ्याला नसलेल्या बारकाव्याचा भास होतो.

आणि एक चूक शाळेच्या प्रकल्पवहीत हमखास दिसते. वृत्तालेख काढताना मुले केंद्रीय कोन राउंड केलेल्या टक्क्यावरून काढतात. 25 टक्क्यांना 90 अंश, 24 ला 86.4, 22 ला 79.2, 19 ला 68.4, 11 ला 39.6. एकूण 363.6 अंश. कोनमापक फिरवत गेले की शेवटच्या ‘इतर’ला 39.6 ऐवजी 36 अंशच उरतात, आणि मूल खोडरबर घेऊन बसते. खरे तर 288 ही संख्या इथे फार सोयीची आहे: एका जागेला बरोबर सव्वा अंश. 71 ला 88.75, 69 ला 86.25, 62 ला 77.5, 54 ला 67.5, 32 ला 40, बेरीज तीनशे साठ. फोडी नेहमी मूळ संख्यांवरून कापाव्यात. राउंडिंग फक्त वर लिहायच्या आकड्याचे.

मग त्या आकड्याचे काय करायचे? माझे मत असे: बेरीज शंभरच दाखवायची असेल तर वाढीव एक कुठून काढायचा हे मर्जीने नव्हे, नियमाने ठरावे. नियम जुना आहे. अमेरिकेत राज्यांना प्रतिनिधी वाटताना अलेक्झांडर हॅमिल्टनने तो सुचवला होता, आणि त्यावर आधारलेले विधेयक 1792 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने परत पाठवले. राष्ट्राध्यक्षाने वापरलेला तो पहिलाच नकाराधिकार. पुढे एकोणिसाव्या शतकात हीच पद्धत तिथे कायद्याने आली. जागावाटपात तिने बरेच तंटे लावले, पण वर्तुळावरच्या आकड्यांना ती चांगली शोभते.

करायचे एवढेच. आधी सगळ्यांचे अपूर्णांक सोडून द्या: 24, 23, 21, 18, 11. बेरीज 97. शंभराला तीन कमी. हे तीन टक्के ज्यांचा सोडलेला अपूर्णांक सर्वात मोठा त्यांना क्रमाने द्या. काँग्रेसचा 0.96, भाजपचा 0.75, राष्ट्रवादीचा 0.65, इथे तीन संपले. शिवसेनेच्या 0.53 चा नंबर चौथा, म्हणून ती 21 वर राहते. निकाल 25, 24, 21, 19, 11. तक्त्यात जागा B2 ते B6 मध्ये असतील तर पुढची सूत्रे दुसऱ्या ओळीत लिहून खाली ओढावीत:

```
C2: =B2*100/SUM(B$2:B$6)
D2: =INT(C2)
E2: =C2-D2
F2: =D2+IF(RANK(E2,E$2:E$6)<=100-SUM(D$2:D$6),1,0)
```

यावर आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे: 21.53 ला 21 लिहिणे खोटे नाही का? थोडे आहे. पण 22 लिहिल्यावरही चूक 0.47 ची होती, 21 लिहिल्यावर ती 0.53 झाली. वर गेलेल्या चौघांत शिवसेनाच अर्ध्याच्या सर्वात जवळ होती, म्हणून तिला खाली आणण्याचा तोटा सर्वात कमी, 0.06 टक्के. दुसऱ्या कुणालाही हात लावला असता तर यापेक्षा जास्त खोटे लिहावे लागले असते. गंमत म्हणजे इथे युतीची बेरीजही सुधारते. शिवसेना-भाजपच्या मिळून 116 जागा, म्हणजे 40.28 टक्के, आधीच्या वर्तुळात 22 आणि 19 मिळून 41 दिसत होते, आता 21 आणि 19 मिळून 40 दिसतात. दरवेळी असे जुळेलच असे नाही, पण इथे जुळले.

तरी हा नियम सगळीकडे चालवू नये. ज्या तक्त्यातून दुसरा माणूस पुढे हिशोब करणार आहे, त्यात सरळ राउंड केलेलेच आकडे ठेवावेत आणि खाली ‘राउंडिंगमुळे बेरीज शंभर येईलच असे नाही’ ही ओळ द्यावी. वर्तुळावर जुळवलेले आकडे दिले तरी तसे सांगावे, आणि शक्य असेल तर टक्क्याशेजारी मूळ संख्या लिहावी. ‘62 जागा, 21 टक्के’ वाचणाऱ्याला कुणी फसवू शकत नाही. तीन समान वाटे असतील तर नियमच अडतो. 33.33 चे तीन, एक टक्का उरला, आणि तिघांचा अपूर्णांक सारखा. वरचे सूत्र अशा वेळी तिघांनाही 34 देऊन 102 करून बसेल. समान असलेल्यांना असमान दाखवण्यापेक्षा 33, 33, 33 लिहून खाली टीप द्यावी.

आणि गावच्या पाहणीत शेतकऱ्यांना कोणती पिके घेता असे विचारले, एकाच शेतकऱ्याने सोयाबीनही सांगितले आणि हळदही, तर बेरीज 130 सुद्धा येईल. तिथे राउंडिंगचा काही संबंध नाही आणि कुठलाही नियम लागू होत नाही. एकाच माणसाची नोंद दोन फोडींत झालेली असते. ते वर्तुळात बसवूच नये, प्रत्येक पिकाचा वेगळा स्तंभ काढावा.