'हो जाएगा' म्हणजे कोण करणार?

ग्रुपवर रात्री दीडशे मेसेज पडतात. सकाळी कुणी तरी उठून विचारतं, "क्या तय हुआ?" मग एखादा उत्साही भाई बारा स्क्रीनशॉट टाकतो आणि म्हणतो, "पढ़ लो, सब इसमें है." सगळं त्यात असतं हे खरं, पण काय ठरलं ते नसतं. ते कुणाला तरी बसून वेगळं काढावं लागतं. हे काम सोपं समजून आपण ग्रुपमधल्या सगळ्यात लहान पोराकडे ढकलतो. तो बिचारा जे स्पष्ट नाही तेही स्पष्ट असल्यासारखं लिहून टाकतो, आणि घोटाळा तिथे होतो.

सप्टेंबर २०२५ मधला सीनेचा पूर आठवा. लांबोटीजवळ पुण्याचा रस्ता बंद, वडकबाळजवळ विजयपूरचा बंद, आणि सोलापुरात जो तो आपापल्या ग्रुपवर मदत गोळा करण्याच्या मागे. अशाच एका रात्रीचं बोलणं नमुन्यासाठी घेऊ. मेसेज मी रचलेले आहेत, पण ज्यांनी असे ग्रुप चालवले त्यांना ते परके वाटणार नाहीत. बुधवार, २४ सप्टेंबर. विषय सीनाकाठच्या एका गावात रेशन किट पोहोचवण्याचा. नावं फोनमध्ये सेव्ह केलेली असतात तशीच ठेवली आहेत.

किराणा, १०:४८: १२० किट बनवूया? तांदूळ ३, आटा ५, डाळ १.
टेम्पो, १०:५१: १२० एका फेरीत नाही बसणार. ८० बसतील.
वकील, १०:५२: तो पहले ८० करो. (खाली अंगठा, ४)
मेडिकल, ११:०५: पाणी शुद्ध करायच्या गोळ्या भी चाहिए वहाँ.
वकील, ११:०७: वो मेडिकलवाले भाई देख लेंगे.
टेम्पो, ११:१५: लांबोटीचा पूल चालू झाला का?
किराणा, ११:३०: जुम्मे की रात को निकलते.
(उजवीकडचा हिरवा मेसेज), ११:३४: नहीं, जुम्मे के बाद. आणि तहसीलला आधी कळवायला पाहिजे.
(सेव्ह नसलेला नंबर), ११:३६: हो जाएगा इन्शाअल्लाह.
टेम्पो, १२:२०: मी उद्या सकाळी डिझेल टाकून ठेवतो.
किराणा, १२:२५: व्हॉइस नोट, ४७ सेकंद.
वकील, १२:३१: ठीक है. फायनल.

आता यातून निर्णय काढायचे. पहिला मोह असा होतो की शेवटी 'फायनल' आलंय, म्हणजे वरचं सगळं ठरलं. पण वकीलसाहेबांचं 'फायनल' त्या ४७ सेकंदांच्या व्हॉइस नोटला उत्तर आहे, आणि ती नोट स्क्रीनशॉटमध्ये ऐकू येत नाही. किराणावाल्याने त्यात वेळ बदलली असेल किंवा किटमधून डाळ काढली असेल. म्हणून सारांश लिहिणाऱ्याने कागदाला हात लावण्याआधी ती नोट ज्याच्या फोनवर आहे त्याच्याकडून ऐकून घ्यावी. ते जमलं नाही तर 'व्हॉइस नोट ऐकलेली नाही' असं सारांशात लिहावं. ही ओळ लिहायला लाज वाटते, पण ती नसेल तर बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

८० किटचं पाहू. किराणावाल्याने १२० सुचवले, टेम्पोवाल्याने अडचण सांगितली, वकिलांनी तोडगा काढला. नऊ किलोचं एक किट धरलं तर १२० किटचे १०८० किलो होतात. छोटा हत्ती सातशे-साडेसातशे किलोचा गडी, म्हणून ८० हा आकडा कारणासकट पटतो. पण अंगठे चार आहेत, आणि ते कुणाचे हे स्क्रीनशॉट सांगत नाही. फोनवर अंगठ्यावर बोट ठेवलं की नावं दिसतात, चित्रात फक्त आकडा दिसतो. किट भरणारा किराणावाला त्या चौघांत आहे का? नसेल तर तो सकाळी १२० भरायला बसेल. म्हणून मी 'पहिल्या फेरीत ८०' हे ठरलं या भागात लिहीन, आणि 'उरलेले ४० कधी, की रद्द?' हे न ठरलेल्यांत. एकाच वाक्यातला अर्धा भाग ठरलेला आणि अर्धा लटकलेला, हे ग्रुपवर रोजचंच आहे.

गोळ्यांचा मेसेज जास्त फसवा आहे. मेडिकलवाल्याने गरज सांगितली, वकिलांनी काम त्याच्या गळ्यात घातलं, आणि तो पुढे काही बोललाच नाही. सारांशात बहुतेक जण 'गोळ्या: मेडिकल' असं लिहून मोकळे होतात. माझ्या मते हे चूक आहे. ज्याने स्वतः 'मी करतो' म्हटलं नाही, त्याच्या नावावर काम चढवायचं नाही. कदाचित त्याच्या दुकानात तेवढा साठा नसेल, कदाचित तो त्या आठवड्यात गावाला असेल. त्याच्या नावापुढे 'विचारायचं आहे' लिहावं आणि खरंच विचारावं. या रात्रीच्या सगळ्या बोलण्यात स्वतःहून काम घेणारा एकच माणूस आहे, तो टेम्पोवाला. दीडशे मेसेज वाचले तरी बहुतेकदा असंच निघतं.

याला आपली भाषाही जबाबदार आहे. मराठीतलं 'करूया' आणि 'बघू', आपल्या बोलीतलं 'हो जाएगा' आणि 'देख लेंगे', यांत काम आहे पण करणारा नाही. 'इन्शाअल्लाह' म्हणणारा मनापासून वचन देत असेल किंवा नम्रपणे टाळत असेल. ते त्याच्या आवाजावरून कळतं, अक्षरांवरून नाही. आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये कामं नोंदवतो त्यात एका कामाला एकाच माणसाचं नाव लागतं. दोन नावं टाकता येत नाहीत आणि 'आपण सगळे' तर नाहीच. सुरुवातीला याचा राग येतो, नंतर त्याचं कारण समजतं. तहसीलला कळवण्याचं काम इथे कुणाच्याच नावावर नाही. 'हो जाएगा' म्हणणारा नंबर कुणाचा हेही माहीत नाही. म्हणजे ते होणार नाही असं धरून चाला.

आता वेळ. 'जुम्मे की रात' म्हणजे नेमकी कुठली? घरातली मोठी माणसं मगरिबपासून दिवस बदलतो असं मोजतात, त्यांच्यासाठी ती गुरुवारची रात्र. आपल्या पिढीतल्या अनेकांसाठी तीच शुक्रवारची रात्र. टेम्पो एक दिवस आधी निघेल की नंतर, हे त्या एका शब्दावर ठरतं. 'जुम्मे के बाद' मात्र शुक्रवारी दुपारीच. तसंच 'उद्या सकाळी'. टेम्पोवाल्याने ते रात्री १२:२० ला लिहिलं. झोपला नसेल तर त्याचा 'उद्या' म्हणजे गुरुवार, फोनच्या तारखेप्रमाणे शुक्रवार. सारांशात 'उद्या', 'परवा', 'मगरिबनंतर' हे शब्द येऊच देऊ नयेत. सोलापुरात मगरिब नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या पुढेमागे असते आणि जुलैत सातच्या पुढे जाते. वार, तारीख आणि घड्याळाची वेळ लिहावी. वेळ माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवावी.

स्क्रीनशॉट स्वतःही काही गोष्टी लपवतो. उजवीकडचे हिरवे मेसेज ज्याच्या फोनचा स्क्रीनशॉट त्याचे, आणि त्यावर नाव नसतं. म्हणून आधी फोन कुणाचा ते विचारावं. एकाच माणसाने लागोपाठ चार मेसेज टाकले तर नाव फक्त पहिल्यावर येतं. स्क्रीनशॉट मध्येच तुटला तर उरलेले तीन अनाथ होतात आणि वाचणारा ते वरच्या माणसाच्या खात्यात टाकतो. ओळखायची खूण अशी: प्रत्येक चित्राचा शेवटचा मेसेज पुढच्या चित्रात पहिला दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मधलं काही तरी गळलंय. आणि मेसेजशेजारी 'Edited' दिसलं तर त्याच्या खालची उत्तरं जुन्या मजकुराला असू शकतात, कारण लिहिलेलं पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतं. शक्य असेल तर स्क्रीनशॉट सोडा आणि ग्रुपच्या मेनूतून `Export chat` करून फाइल घ्या. तिच्यात प्रत्येक ओळीला नाव, तारीख, वेळ असते. काही ग्रुपमध्ये ही सोय बंद केलेली असते, तेव्हा चित्रांवरच भागवावं लागतं.

तर त्या रात्रीचा सारांश माझ्या हातून असा निघेल:

ठरलं: पहिल्या फेरीत ८० किट, गाडीच्या वजनामुळे (१०:५२).
कोणाकडे काय: डिझेल, टेम्पो (१२:२०), गुरुवार २५ की शुक्रवार २६ ते त्याने सांगावं.
न ठरलेलं: निघायचं गुरुवारी रात्री की शुक्रवारी दुपारी (११:३०, ११:३४). गोळ्या मेडिकलवाले आणणार का (११:०७). तहसीलला कोण कळवणार (११:३४). लांबोटीचा पूल, उत्तर आलं नाही (११:१५). उरलेले ४० किट. व्हॉइस नोट ऐकायची आहे (१२:२५).

वरचे दोन भाग एकेका ओळीचे आणि तिसरा लांबलचक, हे पाहून ग्रुपमध्ये कुणी तरी चिडेल. "हमने इतना डिस्कस किया, और तय कुछ नहीं हुआ?" चिडू द्या. चर्चा झाली आणि निर्णय झाले नाहीत, ही बातमी गाडी भरण्याआधी मिळालेली बरी. कंसातल्या वेळा यासाठीच आहेत, की ज्याला पटत नाही त्याने तो मेसेज उघडून पाहावा आणि सारांश लिहिणाऱ्याशी भांडू नये. आपल्याकडे नोंदणीकृत संस्थांच्या इतिवृत्तात ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक लिहायची रीत आहे, तिचाही उपयोग हाच. ग्रुपवर अध्यक्ष नसतो, 'मंजूर' म्हणणारं कुणी नसतं, म्हणून ती वेळ तरी लिहा.

सारांश ग्रुपवर टाकला की दोन गोष्टी मागाव्यात. ठरलेल्या भागावर हरकत असेल तर अमुक वाजेपर्यंत सांगा, न सांगितल्यास मान्य धरू. कामांच्या भागावर मात्र गप्प राहणं मान्य धरायचं नाही. ज्याचं नाव आहे त्याने स्वतः 'हो' लिहायचं. मग तो मेसेज सात दिवसांसाठी पिन करा. दुरुस्ती आली तर जुन्या सारांशात गुपचूप बदल न करता नवा टाका आणि पिन बदला.

एक काळजी मात्र घ्या. अशा ग्रुपवर मदत घेणाऱ्या घरांची यादी, बाईमाणसांचे नंबर, कुणाच्या घरात किती पाणी शिरलं याचे फोटो मध्ये मध्ये आलेले असतात. सारांशात 'यादी किराणावाल्याकडे' एवढं पुरतं. स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर पाठवण्याआधी तो भाग कापून टाका.