फी परत मागताना तारीख पाहा

यशवंतपूरहून एका वाचक मुलीने विचारलंय: वर्ग भरण्याआधीच प्रवेश सोडला, विद्यापीठाला पत्र कसं लिहू?

अगं, ‘वर्ग सुरू झाले नव्हते’ एवढंच लिहू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमात दिवस मोजतात ते प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेवरून. समज, ती ३१ जुलै आहे आणि तू ८०,००० रुपये भरलेस. अर्ज १० जुलैला दिलास तर फार तर पाच टक्के, म्हणजे ४,००० कापतील. २० जुलैला दिलास तर ७२,०००च मिळतील, कारण मध्ये पंधरा दिवस उरले नाहीत.

म्हणून पत्रात दोन्ही तारखा, पावती क्रमांक आणि बँक खातं लिही. फोनवर कळवणं पुरत नाही, पोच घेच. लेखी अर्जापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात, हेही त्यात नमूद कर.