स्टॉल सहा, चार की एक?

संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन शिकवणाऱ्या प्राध्यापकांची अनेक पत्रे गेल्या दोन महिन्यांत या मासिकाकडे आली असून त्या सर्वांचा रोख एकाच आठ गुणांच्या प्रश्नावर आणि त्यासाठी परीक्षकांना पुरवण्यात आलेल्या आदर्श उत्तरावर आहे. साध्या प्रोसेसरच्या पाइपलाइनचे टप्पे सांगून हॅझर्ड कसे हाताळले जातात ते दिलेल्या तीन सूचनांच्या आधारे स्पष्ट करावे, असा तो दरवर्षीच्या ओळखीचा प्रश्न आहे. आदर्श उत्तरात स्टॉलची, म्हणजे पाइपलाइनला थांबून राहावे लागणाऱ्या चक्रांची, संख्या कोणतेही गृहीतक न देता सहा अशी छापली आहे, आणि चार किंवा एक असे उत्तर काढून त्याखाली संपूर्ण तक्ता मांडणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण कापले गेले आहेत. या तिन्ही संख्या बरोबर आहेत, फक्त त्या तीन वेगवेगळ्या यंत्रांच्या आहेत, आणि प्रश्नात यंत्र कोणते हे सांगितलेलेच नव्हते.

ज्या सूचनांवरून हा वाद उभा राहिला त्या अशा आहेत:

```
lw  x2, 0(x1)
add x4, x2, x5
sub x6, x4, x2
```

पाच टप्प्यांच्या पाइपलाइनमध्ये सूचना स्मृतीतून आणणारा फेच, तिचा अर्थ लावून रजिस्टरमधील मूल्ये वाचणारा डिकोड, गणित करणारा एक्झिक्यूट, डेटा-स्मृतीला हात घालणारा मेमरी आणि निकाल रजिस्टरमध्ये नोंदवणारा राइट-बॅक असे टप्पे क्रमाने येतात, आणि कोणताही अडथळा नसेल तर तीन सूचना सात चक्रांत पूर्ण होतात. येथे मात्र `add`ला `x2` हवे आहे, जे `lw` अजून आणत आहे, आणि `sub`ला `x4` हवे आहे, जे `add` अजून काढत आहे; लिहिले जाण्यापूर्वीच मूल्य वाचण्याची वेळ येणे हा डेटा-हॅझर्ड होय.

फॉरवर्डिंग नसलेल्या यंत्रात `lw` पाचव्या चक्रात `x2` लिहितो. रजिस्टर-फाइल चक्राच्या पहिल्या अर्ध्यात लिहिणारी आणि दुसऱ्या अर्ध्यात वाचणारी असेल, तर `add`ला त्याच पाचव्या चक्रात डिकोड पूर्ण करता येतो; तिसऱ्या चक्रात होणारे काम पाचव्यात गेल्याने दोन स्टॉल पडतात, `add` आठव्या चक्रात लिहितो, त्याची वाट पाहणारा `sub` आणखी दोन स्टॉल खातो, आणि एकूण अकरा चक्रे व चार स्टॉल होतात. रजिस्टर-फाइल अशी दुभागलेली नसेल तर ज्या चक्रात लेखन होते त्याच्या पुढच्या चक्रापर्यंत थांबावे लागते, प्रत्येक अवलंबनामागे तीन स्टॉल पडतात, आणि एकूण तेरा चक्रे व सहा स्टॉल होतात. आदर्श उत्तरातील सहा ही संख्या या दुसऱ्या गृहीतकाची आहे. विद्यापीठाच्याच संदर्भग्रंथांच्या यादीत वर्षानुवर्षे असलेल्या पॅटर्सन आणि हेनेसी यांच्या पाठ्यपुस्तकात मात्र पहिले गृहीतक धरलेले आहे, ही गोष्ट उत्तर तयार करणाऱ्यांच्या नजरेतून कशी सुटली हे समजणे कठीण आहे.

फॉरवर्डिंग म्हणजे निकाल रजिस्टरमध्ये लिहिला जाण्याची वाट न पाहता तो टप्प्यांमधील पाइपलाइन-रजिस्टरमधून थेट गणित-एककाच्या तोंडाशी पोहोचवणे. आदर्श उत्तरात या तंत्रामुळे "सर्व डेटा-हॅझर्ड नाहीसे होतात" असे विधान आहे, आणि त्यावर एक गुणही ठेवलेला आहे. ते विधान चूक असल्याचे सिद्ध करायला वरच्या तीन ओळी पुरेशा आहेत. `lw`चा डेटा स्मृतीतून चौथ्या चक्राच्या शेवटी बाहेर येतो, तर न थांबलेल्या `add`ला तो चौथ्या चक्राच्या सुरुवातीलाच हवा असतो. जे मूल्य अद्याप यंत्रात आलेलेच नाही ते कोणत्याही तारेने मागे पाठवता येत नाही, म्हणून एक स्टॉल अटळ ठरतो. त्यानंतरचा तक्ता असा होतो:

```
                 1   2   3   4   5   6   7   8
lw  x2, 0(x1)    IF  ID  EX  MEM WB
add x4, x2, x5       IF  ID  ID  EX  MEM WB
sub x6, x4, x2           IF  IF  ID  EX  MEM WB
```

यात `add` चौथ्या चक्रात डिकोडमध्येच थांबतो, त्याच्या मागचा `sub` फेचमध्ये थांबतो, आणि पाचव्या चक्रात `add`ला `x2` मेमरी व राइट-बॅक यांमधील पाइपलाइन-रजिस्टरमधून मिळते. `sub`ला `x4` सहाव्या चक्राच्या तोंडाशी एक्झिक्यूटच्या पुढच्या रजिस्टरमधून मिळत असल्याने तेथे स्टॉल पडत नाही. `sub`ला `x2`ही हवे आहे आणि ते त्याला पाचव्या चक्रात रजिस्टर-फाइलमधूनच वाचावे लागते, कारण सहाव्या चक्रापर्यंत `lw` पाइपलाइनमधून निघून गेलेला असतो. म्हणजे दुभागलेल्या रजिस्टर-फाइलचे गृहीतक फॉरवर्डिंग असलेल्या यंत्रातही गुपचूप काम करत असते, आणि ते काढून घेतले तर, फाइलला वळसा घालणारी आणखी एक वाट दिली नसल्यास, उत्तर एकाऐवजी दोन स्टॉल होते. हे बारकाईने लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेची प्रत एका वाचकाने पाठवली असून तिच्यावर आठांपैकी साडेतीन गुण दिसतात.

गुण कापायचेच होते तर ते जेथे कापायला हवे होते ती जागा वेगळी आहे. बहुसंख्य उत्तरांत स्टॉलचे स्पष्टीकरण "मध्ये बबल टाकला जातो" एवढ्यावर संपते, आणि बबल, म्हणजे कोणतीही स्थिती न बदलणारी रिकामी सूचना, कसा निर्माण होतो याचा मागमूस नसतो. हॅझर्ड ओळखणारे एकक डिकोडमध्ये बसून पुढील अट तपासते:

```
ID/EX.MemRead and
((ID/EX.Rd = IF/ID.Rs1) or (ID/EX.Rd = IF/ID.Rs2))
```

अट खरी ठरल्यास तीन गोष्टी एकाच चक्रात घडाव्या लागतात: प्रोग्रॅम काउंटर गोठवला जातो, फेच आणि डिकोड यांमधील पाइपलाइन-रजिस्टर गोठवले जाते, आणि एक्झिक्यूटकडे जाणारे सर्व नियंत्रण-संकेत शून्य केले जातात. पहिल्या दोन गोष्टी न करता केवळ तिसरी केली तर बबल तयार होतो खरा, पण त्याने `add`चीच जागा घेतलेली असते आणि `add` कायमचा हरवतो. उलट पहिल्या दोन करून तिसरी विसरली तर तोच `add` एकदा जुने मूल्य घेऊन आणि एकदा योग्य मूल्य घेऊन असा दोनदा पुढे जातो. विद्यार्थ्याला हे कळले आहे की नाही हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही, आणि आदर्श उत्तरात या तीन कृतींपैकी एकीचाही उल्लेख नाही.

दुसरी हास्यास्पद बाब हॅझर्डच्या वर्गीकरणाची आहे. लिखाणानंतरचे वाचन, वाचनानंतरचे लिखाण आणि लिखाणानंतरचे लिखाण असे डेटा-हॅझर्डचे तीन प्रकार लिहिल्यास तीन गुण, अशी विभागणी परीक्षकांना दिलेली आहे. प्रश्न मात्र साध्या पाच टप्प्यांच्या पाइपलाइनचा आहे, जिच्यात प्रत्येक सूचना दुसऱ्या टप्प्यात वाचते आणि पाचव्यात लिहिते, सूचना एकमेकींना ओलांडत नाहीत, आणि त्यामुळे पुढच्या सूचनेचे लेखन मागच्या सूचनेच्या वाचनाआधी किंवा लेखनाआधी होणे शक्यच नाही. शेवटचे दोन प्रकार वेगवेगळ्या लांबीची गणित-एकके असलेल्या किंवा सूचना क्रम सोडून चालवणाऱ्या यंत्रांत उद्भवतात. सीडीसी ६६००च्या स्कोअरबोर्डला आणि आयबीएम ३६०/९१मधील टोमासुलोच्या पद्धतीला त्यांची दखल घ्यावी लागली ती याच कारणाने. "हे दोन प्रकार येथे संभवत नाहीत" असे सकारण लिहिणाऱ्याला दोन गुण गमवावे लागतात आणि न समजता तिन्ही नावे उतरवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, हा उलटा न्याय आहे.

स्ट्रक्चरल हॅझर्डबाबत वाद नाही; सूचना आणि डेटा यांच्यासाठी एकच स्मृती असेल तर `lw`चे वाचन आणि चौथ्या सूचनेचे फेच चौथ्या चक्रात एकमेकांवर आदळतात, आणि दोन स्वतंत्र कॅश दिल्या की तो प्रश्न मिटतो. कंट्रोल-हॅझर्डमध्ये पुन्हा तोच घोळ आहे, कारण शाखेचा निर्णय डिकोडमध्ये झाला तर एक, एक्झिक्यूटमध्ये झाला तर दोन आणि मेमरीमध्ये झाला तर तीन चुकीच्या सूचना रद्द कराव्या लागतात, आणि आदर्श उत्तरात यांपैकी फक्त तीन ही संख्या आहे.

एका विद्यार्थिनीने `lw`नंतर कंपायलर एक असंबंधित सूचना सरकवतो असे लिहिले, त्यावर "हार्डवेअर उपाय अपेक्षित" असा शेरा आहे. हेनेसी यांच्या स्टॅनफर्डमधील १९८१ साली सुरू झालेल्या मिप्स प्रकल्पाच्या नावातच परस्परांना अडवणारे टप्पे नसलेली पाइपलाइन असा अर्थ होता, आणि मिप्सच्या पहिल्या व्यापारी आवृत्तीत `lw`च्या लगेच पुढच्या सूचनेने ते मूल्य वापरू नये ही जबाबदारी कंपायलरवरच होती. हार्डवेअर तेथे थांबतच नसे. म्हणजे त्या विद्यार्थिनीचे उत्तर प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या प्रोसेसरचे होते.

या सर्वांवर दाद मागण्याची जी वाट ठेवलेली आहे ती कार्यालयीन कल्पकतेचा नमुना म्हणावी लागेल. प्रश्नावरील हरकत परीक्षेच्याच दिवशी केंद्रामार्फत नोंदवावी लागते, तर आदर्श उत्तर मूल्यांकन सुरू होईपर्यंत मोहोरबंद असते, त्यामुळे ज्या चुकीवर हरकत घ्यायची ती दिसण्यापूर्वीच हरकतीची मुदत संपलेली असते. पुनर्मूल्यांकनासाठी शुल्क भरल्यास दुसऱ्या परीक्षकाला तेच आदर्श उत्तर दिले जाते, आणि "उत्तर आदर्श उत्तराशी जुळत नसल्याने गुणांत बदल नाही" असे छापील उत्तर येते. दोन प्राध्यापकांनी तक्ते जोडून लेखी निवेदन दिले, त्यांना ते विहित नमुन्यात नसल्याचे कळवण्यात आले. विहित नमुन्यात तक्ता जोडायला जागा नाही.

सारा दोष कार्यालयावर ढकलून मात्र भागणार नाही, कारण हे आदर्श उत्तर कोणा लिपिकाने लिहिलेले नसून याच व्यवसायातील सभासदांनी लिहिले आणि याच व्यवसायातील सभासदांनी मॉडरेशनच्या टेबलावर न तपासता त्यावर सह्या केल्या. तीन ओळींचा तक्ता कागदावर मांडायला पाच मिनिटे लागतात, तेवढीही न देणाऱ्यांनी पुढच्या सत्रात प्रश्न काढण्याचे काम नम्रपणे नाकारावे. जे स्वीकारतील त्यांनी प्रश्नाच्या मजकुरातच चार गोष्टी छापाव्यात: रजिस्टर-फाइल एकाच चक्रात लिहून वाचू शकते की नाही, फॉरवर्डिंगच्या वाटा कोणत्या आहेत, शाखेचा निर्णय कोणत्या टप्प्यात होतो, आणि सूचना व डेटा यांच्या स्मृती वेगळ्या आहेत की एकच. सध्या तपासणीच्या टेबलावर बसलेल्या परीक्षकांना प्रश्न बदलता येणार नाही, पण ज्या उत्तरपत्रिकेत गृहीतक लिहिलेले आहे आणि तक्ता त्या गृहीतकाशी सुसंगत आहे तिला पूर्ण गुण देऊन तसा शेरा मुखपृष्ठावर नोंदवणे त्यांच्या हातात आहे, आणि हा अंक मिळताच त्यांनी ते सुरू करावे.