सव्वातीनचा उमेदवार

आपल्यातले बरेच जण आता इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागले आहेत. नोकरीत चार-पाच वर्षं झाली की एक दिवस एचआरचा निरोप येतो, "शनिवारी सहा उमेदवार आहेत, पॅनेलवर तुम्ही आहात, वेळापत्रक तेवढं लावून टाका." मग आपण सकाळी दहापासून पाऊण-पाऊण तासाचे स्लॉट एकाला एक चिकटवतो, मध्ये जेवणाची सुट्टी ठेवतो आणि मेल पाठवून मोकळे होतो.

कागदावर सगळं बसतं. प्रत्यक्षात पहिल्या उमेदवाराला निवांत पॅनेल मिळतं आणि शेवटच्याला घड्याळाकडे बघणारं.

आपण मनात धरतो की कुणाला ५५ मिनिटं लागतील, कुणाला ३५, शेवटी जमून येईल. ते जमत नाही. समजा पहिला उमेदवार ३५ मिनिटांत आटोपला. दुसऱ्याला १०.४५ची वेळ दिलेली आहे, तो तेव्हाच येणार. वाचलेली दहा मिनिटं चहात जातात. दुसऱ्याला ५५ मिनिटं लागली, म्हणजे ११.४० झाले. तिसरा मात्र ११.३० पासून वाट बघतोय. तिसरा आणि चौथा अगदी ४५ मिनिटांत झाले तरी जेवण एकऐवजी १.१०ला. चौघांची सरासरी बरोबर ४५ आहे, तरी उशीर झालाच. वाचलेला वेळ पुढच्याला मिळत नाही, पण झालेला उशीर मात्र पुढच्याच्या वाट्याला येतो.

म्हणून मी स्लॉट ५० मिनिटांचा धरतो. पहिली ५ मिनिटं ओळख आणि ऑनलाइन असेल तर आवाज-कॅमेरा जुळवायला, ३० मिनिटं प्रश्न, ५ मिनिटं उमेदवाराच्या प्रश्नांना. उरलेली १० मिनिटं पॅनेलची. त्यात प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता आपापले गुण आणि दोन ओळी लिहायच्या. घाई झाली की सर्वात आधी हीच दहा मिनिटं खाल्ली जातात आणि संध्याकाळी "तो निळ्या शर्टवाला काय म्हणाला होता?" अशी चर्चा सुरू होते.

दर दोन उमेदवारांनंतर मोठी सुट्टी. प्रत्येकामागे पाच-पाच मिनिटं ठेवली तर एखादाच इंटरव्ह्यू पंधरा मिनिटं लांबला की ती पुरत नाहीत. तीच मिनिटं एकत्र ठेवली की ज्याला लागतील त्याला वापरता येतात. सहा जणांचा दिवस असा: १०.०० आणि १०.५०, मग ११.४० ते १२.०० सुट्टी, पुढे १२.०० आणि १२.५०, जेवण १.४० ते २.२५, मग २.२५ आणि ३.१५.

आता बिघडलेला दिवस यावर चालवून बघू. पहिल्याला ६० मिनिटं लागली, दुसरा ११ला सुरू झाला आणि ५५ मिनिटं चालला. ११.५५ झाले. सुट्टी पाचच मिनिटांची उरली, पण तिसरा बाराला वेळेवर बसला. तो ४५ मिनिटांत झाला. चौथ्याला ६५ लागली, १.५५ झाले. जेवणाला अर्धा तास मिळाला आणि पाचवा २.२५लाच सुरू. तो ५० मिनिटांत संपला, म्हणून सव्वातीनचा उमेदवारही ठरल्या वेळी. दिवसभरात तीन इंटरव्ह्यू मिळून अर्धा तास लांबले, थांबावं लागलं ते फक्त दुसऱ्याला, दहा मिनिटं.

सुट्टीलाही मर्यादा आहे. दोघेही पंधरा-पंधरा मिनिटं लांबले तर वीस मिनिटं पुरणार नाहीत. त्यामुळे पॅनेलमधल्या एकाकडे घड्याळ द्यायचं आणि सगळ्यांना विचारायचे मुख्य प्रश्न आधी घ्यायचे. मग वेळ संपली तरी तुलना करता येते. एखाद्याशी बोलणं रंगलंच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा. उमेदवारच अर्धा तास उशिरा आला, तर पुढच्यांना सरकवू नये. चार वाजून पाच मिनिटांनंतरचा एक स्लॉट रिकामा ठेवलेला असला की त्याला तो देता येतो.

वेळापत्रक जमलं की नाही, हे कसं कळणार? प्रत्येकाची खरी सुरुवात आणि शेवट लिहून ठेवा, आणि संध्याकाळी गुणांचे कागद शेजारी मांडा. पहिल्या दोघांबद्दल अर्धं पान आणि शेवटच्या दोघांबद्दल "ठीक आहे" एवढंच असेल, तर पॅनेल दमलं होतं असं समजा. त्या दोघांचा निकाल लगेच लावू नका.

आणि तुम्ही स्वतः उमेदवार असाल, बेळगावहून किंवा इंदूरहून ऑनलाइन बसणार असाल, तर दिलेल्या वेळेपुढे अर्धा तास मोकळा ठेवा. दुसरा इंटरव्ह्यू त्याला चिकटवून घेऊ नका. उशीर झालाच तर सुरुवातीलाच विचारा, "मला पूर्ण वेळ मिळेल ना?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि चांगलं पॅनेल त्याचं सरळ उत्तर देतं.