लवादाच्या अधिकाराची वेस

भागीदारीचा करारनामा लिहिताना शेवटच्या एकदोन कलमांकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. वाटा किती, भांडवल कोणाचे, सही कोणी करावयाची, एवढे ठरले की उभयपक्षी समाधान होते, आणि वकिलाने घातलेले ‘मतभेद झाल्यास लवादाने निर्णय द्यावा’ हे कलम न वाचताच सह्या होतात. पुढे दिवस फिरतात. मग एक भागीदार दुसऱ्यावर अफरातफरीचा आरोप करतो आणि त्याच दमात म्हणतो, “हे प्रकरण लबाडीचे आहे, लबाडीचा निर्णय लवादाने कसा करावयाचा? मी न्यायालयातच जाणार.” कोणी नादारीच्या अर्जाची वाट धरतो, तर कोणी कॉपीराइटचे किंवा व्यापारचिन्हाचे नाव पुढे करतो. मूळ प्रश्न पैशाचाच असतो. त्यावर चढविलेला पोशाख मात्र असा भारदस्त असतो की, लवादाने पाहताच दूर सरावे.

हा पोशाख पाहून निर्णय करावयाचा की आतील अंग पाहून, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे अनेक वर्षे होता. त्याच्या उत्तराची पहिली स्पष्ट रेषा मुंबईतील दोन सदनिकांच्या प्रकरणात आखली गेली. नेपियन सी रोडवरील या सदनिका कर्जापोटी गहाण होत्या आणि त्यांत लीव्ह अँड लायसन्सने एक तिसरी कंपनी राहत होती. कर्ज थकल्यावर सावकार संस्थेने गहाण विकून पैसे वसूल करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला; राहणाऱ्या कंपनीने कराराकडे बोट दाखवून तो लवादाकडे पाठवा, असे म्हटले. १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास नकार दिला. गहाण मालमत्तेच्या विक्रीचा हुकूम केवळ दोघांपुरता राहत नाही. त्या मालमत्तेवर ज्यांचा ज्यांचा हक्क असेल, त्या सर्वांना तो बांधतो. आणि ज्याने लवादाच्या कलमावर सही केलेली नाही, त्याला लवाद बांधू शकत नाही. लवादाचा सारा अधिकार दोन पक्षांच्या संमतीतून आलेला असतो. संमती जेथे संपते, तेथेच त्याच्या अधिकाराची वेस.

ही कसोटी एकदा हाती आली की, पुढील सर्व गुंता तिनेच सुटावयास हवा होता. परंतु लबाडीच्या आरोपाबाबत मात्र न्यायालयांनी बराच काळ पोशाखाकडेच पाहिले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका भागीदारीच्या तंट्यात गंभीर गैरव्यवहाराचे आरोप असल्याने लवाद नाकारला, आणि त्या निर्णयाचा आधार घेऊन कनिष्ठ न्यायालये ‘लबाडी’ हा शब्द दिसताच लवादाचा दरवाजा लावू लागली. याचे फळ तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथील एका हॉटेलच्या प्रकरणात दिसले. ही भावाभावांची भागीदारी होती. वडिलांच्या निधनानंतर कारभार थोरल्या भावाकडे आला. त्याने २०१० साली आपल्या मुलाच्या नावे १०,००,०५० रुपयांचा धनादेश इतरांच्या संमतीवाचून दिला, ही धाकट्यांची एक मुख्य तक्रार होती. थोरल्याने लवादाची मागणी केली. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने ती फेटाळली.

या तक्रारीत काय ठरवावयाचे होते ते पाहा. धनादेश दिला की नाही, तो व्यवसायासाठी होता की घरच्यासाठी, इतर भागीदारांची संमती होती की नव्हती, आणि नसेल तर रक्कम कोणाच्या खाती टाकावयाची. हे सारे हिशेबाच्या वह्यांतून आणि चारदोन साक्षींतून कळणारे आहे. यासाठी न्यायालयाचीच खुर्ची हवी असे कोणता जाणता माणूस म्हणेल? ४ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून प्रकरण लवादाकडे पाठविले. धनादेश २०१० चा, आणि तक्रार कोणी ऐकावयाची याचा निकाल २०१६ चा! त्या सहा वर्षांनंतरही मूळ हिशेबाचा प्रश्न जागच्या जागी होता.

यानंतर २०२० साली दोन निर्णयांनी हा विषय बराचसा मिटविला, आणि २००९ च्या निर्णयाची वाटही बंद केली. लबाडीचा आरोप दिवाणी स्वरूपाचा आणि दोन पक्षांतला असेल, तर तो लवादापुढे जाईल. तो करार फसवून करविला असा आरोप असला तरीही तो जाईल. कारण फसवून घेतलेली संमती ही रद्द होण्याजोगी असते, मुळातच नसलेली नसते, आणि तंटा कोणापुढे न्यावयाचा हे ठरविणारे कलम तेवढ्याने नष्ट होत नाही. परंतु “ती सहीच माझी नव्हे, कोणी बनावट केली” असे म्हणणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे लवादाला अधिकार देणारी संमतीच वादात असते. आरोपाचा परिणाम दोन पक्षांच्या घरगुती व्यवहाराबाहेर जाऊन सार्वजनिक हिताला पोहोचत असेल, तर तेथेही न्यायालयाचाच मार्ग मोकळा राहतो. त्याच कृत्यावरून फौजदारी खटला चालू आहे एवढ्याने मात्र लवाद अडत नाही; लवाद कोणास तुरुंगात धाडू शकत नाही, आणि फौजदारी न्यायालय भागीदारीचा हिशेब मिटवीत नाही.

नादारीच्या बाबतीत हीच कसोटी कशी चालते, हे पुण्याच्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीच्या प्रकरणाने फार चांगले शिकविले आहे. काही गुंतवणूक संस्थांनी या कंपनीत पैसे घालून असे भाग घेतले होते की, त्यांचे पुढे साध्या भागांत रूपांतर करता यावे किंवा त्यांची रक्कम परत मिळावी. भाग जनतेस विक्रीस काढण्याचा विचार सुरू होताच रूपांतराचा प्रश्न आला, आणि त्याच्या सूत्रावरूनच मतभेद झाला. गुंतवणूकदारांच्या हिशेबाने त्यांना कंपनीचे सुमारे तीस टक्के भाग मिळावयास हवे होते, कंपनीच्या हिशेबाने सुमारे दहा टक्के. हा तंटा त्रैराशिकाचा. परंतु गुंतवणूकदारांनी सुमारे ३६७ कोटी रुपये थकले आहेत असे सांगून कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे नादारीचा अर्ज केला. कंपनीने लवादाचे कलम पुढे केले.

२६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयातील बारकावा मोलाचा आहे. नादारीचा अर्ज नुसता दाखल झाल्याने तंटा सर्व जगाचा होत नाही. न्यायाधिकरणाने थकबाकीची खात्री करून तो दाखल करून घेतला म्हणजे होतो. त्या क्षणापासून कंपनीवरील सर्व दावे आणि लवादही थांबतात, कारभार दुसऱ्याच्या हाती जातो, आणि बँका, पुरवठादार, कामगार या सर्वांचे देणे एकाच ठिकाणी मोजले जाते. दोघांनी आपापसांत नेमलेला माणूस या साऱ्यांचे वाटे कसे ठरविणार? त्या क्षणापूर्वी मात्र तंटा दोघांचाच असतो. म्हणून न्यायाधिकरणाने प्रथम एकच पाहावे: देणे खरोखर थकले आहे काय? थकले असेल, तर लवादाचे कलम दाखवून बुडीत कंपनीला निसटता येणार नाही. थकले नसेल, तर अर्ज फेटाळून पक्षांना त्यांच्या कराराच्या वाटेने जाऊ द्यावे. या प्रकरणी सूत्रच ठरले नव्हते, म्हणून रक्कम देय झालीच नव्हती. अर्ज टिकला नाही आणि तंटा लवादाकडे गेला.

बौद्धिक संपदेचे क्षेत्र याहून थोडे निसरडे आहे. पेटंट देणे किंवा व्यापारचिन्हाची नोंद करणे हे शासनाचे काम. ते हक्क सर्वांविरुद्ध चालतात, म्हणून ते द्यावेत की काढून घ्यावेत हे लवाद सांगू शकत नाही. परंतु ज्याला चिन्ह वापरण्याचा परवाना दिला त्याने मुदत संपल्यावरही ते वापरले, किंवा चित्रपटाच्या हक्कांच्या करारातील एकाने आपल्या वाट्यापलीकडे हात घातला, तर ती तक्रार त्या एकाविरुद्ध आहे. मुंबई उच्च न्यायालयातील एका न्यायाधीशांनी २०१६ साली असेच म्हटले. त्याच वर्षी त्याच न्यायालयात दुसरे मतही निघाले. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका बिर्याणी हॉटेलच्या चिन्हाच्या हस्तांतराचा तंटा लवादाकडे पाठविण्याचा आदेश कायम ठेवला, त्यावरून वाऱ्याची दिशा कळते. खरी अडचण येते ती, प्रतिवादी “मुळात हे चिन्हच नोंदवावयास नको होते” असे म्हणतो तेव्हा. त्या दोघांपुरते मत लवाद देऊ शकेल काय, हा वाद राहील. नोंदवहीतील नाव मात्र त्याच्या लेखणीने खोडले जाणार नाही.

ही सारी दिशा आम्हांस योग्य वाटते. ज्याने स्वतःच्या सहीने लवाद पत्करला, त्याने अडचणीच्या वेळी मोठ्या शब्दांची ढाल करून मागे फिरावे, हे सचोटीच्या व्यवहारास शोभत नाही. तथापि या प्रगतीत एक गोष्ट हातची गेली आहे, तिची नोंद कोणी घेतलेली दिसत नाही. इंग्लंडमध्ये १८८० साली दोन भावांच्या भागीदारीच्या खटल्यात असे ठरले होते की, ज्याच्यावर लबाडीचा आरोप आहे त्यानेच “माझी चौकशी उघड्या न्यायालयात होऊ द्या” असे म्हटले, तर ते सहसा मानावे. आरोप करणाऱ्यास मात्र तशी सवलत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या सुमारास हेच तत्त्व स्वीकारले होते. आताच्या कायद्यात न्यायालयास ती मोकळीक नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने लवादाचे कामकाज गोपनीय केले आहे, आणि निवाडा उघड करण्याची मुभा त्याची अंमलबजावणी करण्यापुरतीच ठेवली आहे.

याचा अर्थ काय होतो? थोरल्या भावावर अफरातफरीचा आरोप होतो. तो बाजारात आणि सोयऱ्याधायऱ्यांत महिनाभरात पोहोचतो. दोन वर्षांनी लवाद त्याला निर्दोष ठरवितो. दावाच फेटाळल्यामुळे अंमलबजावणीचे काही उरत नाही, आणि कायदा शब्दशः वाचला तर ते निर्दोषत्वाचे कागद त्याने पेटीत ठेवावयाचे! आरोप चव्हाट्यावर आणि निर्दोषत्व कुलूपबंद, ही रीत न्यायाची नव्हे. त्यासाठी लबाडीचे तंटे पुन्हा न्यायालयांच्या ढिगात टाकण्याची आवश्यकता नाही. लबाडीच्या आरोपातून जो मुक्त झाला, त्याला निवाड्याचा तेवढा भाग प्रसिद्ध करण्याचा हक्क राहील, असे एक वाक्य त्या कलमास जोडले तरी पुरे आहे. संसदेने ते जोडावे. आणि तोवर करार करणाऱ्यांनी शेवटच्या कलमांवर सही करण्यापूर्वी ती एकदा वाचावीत आणि हा विचार वकिलाच्या कानी घालावा.