आधी हिशेब, मग सही



वीजदराच्या दोन योजना पुढे आल्या, की पहिल्या टप्प्याच्या दराला भुलू नका.

समजा, पहिल्या योजनेत स्थिर आकार दरमहा १४० रुपये. पहिल्या १०० युनिटांना ३ रुपये, पुढे ९. दुसरीत स्थिर आकार ५०. पहिल्या २०० युनिटांना ६ रुपये, पुढे ८.

पहिलीचा स्थिर आकार ९० रुपये जास्त, पण युनिटमागे ३ रुपये वाचतात. म्हणजे ३० युनिटांवर बरोबरी. १०० युनिटांवर पहिलीचे बिल ४४०, दुसरीचे ६५०. बचत २१० रुपये. तिथून पहिली युनिटमागे ३ रुपयांनी महाग, म्हणून ही बचत ७० युनिटांत संपते. १७० वर पुन्हा बरोबरी. २०० नंतरही ९ विरुद्ध ८, म्हणजे दुसरीच स्वस्त. थोडक्यात, ३० ते १७० युनिटांत पहिली, त्याखाली आणि त्यावर दुसरी.

रीडिंग दोन महिन्यांचे असेल तर टप्पेही दुप्पट धरलेत का, ते बिलात पाहा. नाहीतर पहिल्या योजनेत महिना ९० युनिट वापरणाऱ्याला १८० युनिटांचे ५४० ऐवजी १०२० रुपये लागतील.

बारा महिन्यांची बिले काढा, कोणता महिना कुठल्या पट्ट्यात पडतो ते मोजा. मगच सही करा.