गोड बातमीला उत्तर लिहिताना

मागच्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर आमच्या मोबाईलवर जिवलग मैत्रिणीचा मेसेज आला. ‘अल्हम्दुलिल्लाह, सातवा आठवडा चालू आहे. सध्या फक्त अम्मीला आणि तुला सांगितलंय. दुआ कर.’

आम्हाला आनंद झाला, पण बोटं थबकली. तीन वर्षांपूर्वी तिची अशीच बातमी आली होती. तेव्हा आम्ही उत्साहाच्या भरात शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तिचं अभिनंदन करून टाकलं. संध्याकाळपर्यंत तिच्या चुलत सासूचासुद्धा फोन येऊन गेला. नवव्या आठवड्यात गर्भपात झाला आणि ज्यांना तिने काही सांगितलंच नव्हतं, अशा कितीतरी जणींना तिला तेच दुःख पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. ती आम्हाला एका शब्दानेही बोलली नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस तिचा मेसेज आला नाही.

म्हणून या वेळी तिचा मेसेज आम्ही दोनदा वाचला. त्या तीन छोट्या वाक्यांतच उत्तर कसं असावं ते होतं. सातवा आठवडा म्हणजे दिवस अजून फार कोवळे आहेत. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. ‘फक्त अम्मीला आणि तुला’ म्हणजे ही अमानत आहे. आणि ‘दुआ कर’ म्हणजे तिला सल्ला नको आहे.

तरीही आमच्या हातून आधी लिहिलं गेलं ते असं: ‘वा! तारीख कधीची? डॉक्टर कोण? या वेळी जप हं, जिने चढू नकोस.’ पाठवण्याआधी वाचलं आणि पुसून टाकलं. ‘या वेळी जप’ म्हणजे मागच्या वेळी तू जपलं नाहीस, असाच त्याचा अर्थ होतो. खरं तर सुरुवातीचे बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष राहिल्याने होतात. जिना चढल्याने किंवा रोजची घरकामं केल्याने ते होत नाहीत. तरी ‘माझंच काही चुकलं का?’ हा प्रश्न बाईच्या मनातून जात नाही. आपल्या दोन शब्दांनी तो पुन्हा का जागा करायचा?

मग आम्ही लिहिलं:

‘अल्हम्दुलिल्लाह! वाचून डोळे भरून आले गं. तुम्हा दोघांना खूप खूप मुबारक. अल्लाह सगळं आसान करो, तुला आणि बाळाला सलामत ठेवो. ही गोष्ट माझ्याजवळच राहील. आनंद असो की धाकधूक, कधीही फोन कर. या मेसेजला उत्तर द्यायची घाई नाही.’

यात पहिला आनंद आहे, कारण तिला आधी तोच हवा असतो. मागच्या दुःखाचं नाव नाही; तिने काढलं तर आपण ऐकायचं. मात्र ‘धाकधूक’ या एका शब्दाने तिला कळतं, की भीती बोलून दाखवायलाही इथे जागा आहे. आणि यात एकही प्रश्न नाही. मळमळ होत असताना पाच प्रश्नांची उत्तरं टाइप करत बसणं हासुद्धा त्रासच असतो.

दुआ लिहिताना आणखी एक जपावं. ‘अल्लाह बेटा देवो’ हे आपल्याकडे सहज लिहिलं जातं. पहिल्या दोन मुली असलेल्या बाईला ते वाचून काय वाटत असेल! ‘नेक आणि तंदुरुस्त औलाद’ एवढं पुरे.

कधी उत्तर लिहिणारीच्या मनातही दुखरी जागा असते. तिची स्वतःची कूस अजून उजवलेली नसते. अशा वेळी लांबलचक लिहिण्याची सक्ती स्वतःवर करू नये. ‘खूप मुबारक गं, दुआ करते. निवांत बोलू,’ एवढं त्याच दिवशी पाठवावं. मेसेज वाचल्याची निळी खूण दिसते आणि उत्तर येत नाही, हे मैत्रिणीला जास्त लागतं.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा लिहिलं. ‘सोनोग्राफी झाली का?’ असं विचारलं नाही. लिहिलं, ‘उद्या दुपारी डबा पाठवते. कशाचा वास सहन होत नाही, तेवढं सांग.’

लगेच उत्तर आलं: ‘लसणाचा! आणि काल ठोके ऐकले गं.’

लसूण न घालता खिचडी केली, सोबत लिंबाचं लोणचं दिलं. ठोक्यांची बातमी मात्र घरातही कुणाला सांगितली नाही. आज हे लिहितो आहोत ते तिला विचारून, आणि तिने हो म्हटल्यावरच.